बदललेला चेहरा पुन्हा बदलता यावा म्हणून

ग्रुप फोटोत एकाचेही डोळे मिटलेले नसावेत, तर एकूण किती फोटो काढावेत? ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी हा प्रश्न गणित मांडून सोडवला आणि २००६ साली त्यासाठी त्यांना गणिताचं इग नोबेल मिळालं. उत्तर अगदी सुटसुटीत होतं. माणसं वीसपेक्षा कमी आणि उजेड चांगला असेल, तर माणसांच्या संख्येला तीनने भागायचं. उजेड कमी असेल तर दोनने. म्हणजे बारा जणांसाठी चार फोटो, अंधाऱ्या हॉलमध्ये सहा. माणसं पन्नासच्या घरात गेली की मात्र सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एखादा तरी फोटो मिळेल, ही आशाच सोडलेली बरी.

आपल्याकडच्या लग्नात स्टेजवर दोन्हीकडची मंडळी उभी राहिली की तीस-चाळीस डोकी सहज होतात. शिवाय नुसते डोळे उघडे असून भागत नाही. कुणी बाजूला बघत असतं, कुणी अर्धवट बोलत असतं, कुणाचं हसू अजून यायचं असतं. म्हणून फोटोवाले एकापाठोपाठ सात-आठ फ्रेम काढतात, त्यातली सगळ्यांत बरी निवडतात आणि तिच्यात ज्याचा चेहरा बिघडला असेल त्याचा दुसऱ्या फ्रेममधला चेहरा आणून बसवतात. हे काम आता नवलाचं राहिलेलं नाही. खरी पंचाईत पुढे होते. अल्बमचा नमुना घरी जातो आणि आठ-दहा दिवसांनी फोन येतो, “अहो, आत्यांचा चेहरा जरा जास्तच उजळ वाटतोय. आणि त्या दुसऱ्या फोटोतलं हसू छान होतं, ते लावता येईल का?” चेहरा थेट फोटोवर चिकटवून, पुसून, रंगवून एकजीव केला असेल तर याचं उत्तर एकच असतं: सगळं पहिल्यापासून. फाईल नीट रचलेली असेल, तर हेच काम पंधरा-वीस मिनिटांत होतं.

फोटोशॉपमध्ये ही सोय टप्प्याटप्प्याने आली. १९९६ साली चौथ्या आवृत्तीत अ‍ॅडजस्टमेंट लेअर आले. त्यामुळे उजेड किंवा रंगछटा बदलताना मूळ फोटोला हात लावावा लागेना; बदल वरच्या वेगळ्या थरात राहू लागला. २००५ साली सीएस२ मध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट आलं आणि २००७ साली सीएस३ मध्ये स्मार्ट फिल्टर. मधे, १९९८ साली, एकाहून अधिक पावलं मागे जाता येणारं हिस्ट्री पॅनेलही आलं होतं. पण हिस्ट्री फाईल बंद केली की पुसली जाते. दहा दिवसांनी येणाऱ्या फोनला तिचा काही उपयोग नाही. तो बदल पेलायचा तर सगळे निर्णय फाईलमध्येच, पण एकमेकांपासून सुटे साठवलेले असावे लागतात. शिंपी शिवणीत माया सोडतो, तशी जागा फाईलमध्ये सोडावी लागते, आणि ती कुठे सोडायची हे कापण्याआधी ठरवावं लागतं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. चौथी फ्रेम निवडली आहे. सगळे छान आले आहेत, फक्त आत्यांचे डोळे मिटलेले आहेत. सहाव्या फ्रेममध्ये त्यांचे डोळे उघडे आहेत. पण तोवर त्या अर्धं पाऊल पुढे सरकल्या होत्या, त्यामुळे डोकं किंचित मोठं आलं आहे आणि थोडं कललंही आहे. फ्लॅश पुरता चार्ज न झाल्यामुळे सहावी फ्रेम जराशी काळसरही आहे. दोन्ही फ्रेम एकाच कॅमेऱ्याच्या, एकाच लेन्सच्या, काही सेकंदांच्या अंतराने काढलेल्या, हे मात्र मोठं नशीब. उजेडाची दिशा तीच असते, नाकाची सावली त्याच बाजूला पडते. वेगळ्या दिवशीच्या, वेगळ्या उजेडातल्या फोटोतला चेहरा आणला तर सावलीची बाजू कुठल्याही लेअरने बदलत नाही. तिथे कितीही कसब लावलं तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतंच.

सहाव्या फ्रेममधून आत्यांचं डोकं उचलायचं, ते नुसता चेहरा नव्हे. केस, कान, कुड्या, गजरा, मान आणि खांद्याचा थोडा भाग, सगळं घ्यायचं. डोकं कललं की गजराही कलतो, त्यामुळे जुन्या गजऱ्याशेजारी नवा चेहरा बसत नाही. कडेने मोकळी जागाही भरपूर ठेवायची. तिचा उपयोग पुढे कळेल. हा तुकडा चौथ्या फ्रेमवर चिकटवला की तो साधा, पिक्सेलचा लेअर असतो.

इथे घाई नडते. चिकटवल्या चिकटवल्या बहुतेकांचा हात Ctrl+T कडे जातो आणि डोकं लहान करून जागेवर बसवलं जातं. त्याआधी लेअरवर राइट-क्लिक करून Convert to Smart Object निवडायला हवं. दोन्ही क्रमांनी पडद्यावर चित्र सारखंच दिसतं, पण आतला फरक मोठा आहे. साधा लेअर लहान केला की जादाचे पिक्सेल फेकून दिले जातात. रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केली तर चारांपैकी तीन पिक्सेल गेले. पुन्हा मोठं केल्यावर मधला तपशील सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं आणि पापण्या, केस मऊ पडतात. स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये मूळ तुकडा आत जसाच्या तसा राहतो आणि बाहेर त्याची लहान केलेली, फिरवलेली प्रतिमा दिसते. आकार दहा वेळा बदलला तरी दर वेळी ती मूळ तुकड्यापासूनच नव्याने बनते.

आपल्या फाईलमध्ये काय झालं आहे, हे ओळखायची खूण सोपी आहे. आत्यांचं डोकं ९४ टक्के केलं, तीन अंश फिरवलं, एंटर दाबलं. आता पुन्हा Ctrl+T दाबून वरच्या पट्टीत बघायचं. ९४ टक्के आणि तीन अंश हे आकडे तसेच दिसले तर लेअर स्मार्ट ऑब्जेक्ट आहे आणि तिथे १०० आणि शून्य लिहून पहिल्या स्थितीत परत जाता येईल. आकडे आपोआप १०० आणि शून्यावर आले असतील तर बदल पिक्सेलमध्ये मुरला. दुसरी चूक जास्त फसवी आहे: आधी लहान केलं आणि मग स्मार्ट ऑब्जेक्ट बनवलं. लेअरवर स्मार्ट ऑब्जेक्टचं चिन्ह दिसतं, पण आत साठवलेला असतो तो आधीच लहान झालेला तुकडा. लेअरच्या छोट्या चित्रावर डबल-क्लिक करून आतली फाईल उघडली की ते लगेच कळतं.

डोकं जागेवर बसवताना लेअरची अपारदर्शकता ५० टक्क्यांवर आणतात आणि खालच्या चेहऱ्याच्या डोळ्यांची रेघ व हनुवटी जुळवतात. डोळे मिटलेले असले तरी दोन्ही डोळ्यांच्या कडांमधलं अंतर मोजता येतं. डोक्याचा आकार ठरवायला ते सर्वांत भरवशाचं माप. मग हा लेअर एका ग्रुपमध्ये टाकायचा, ग्रुपला ‘आत्या’ असं नाव द्यायचं आणि मास्क लेअरला न लावता ग्रुपला लावायचा. मास्कवर काळा रंग लावला की तो भाग झाकला जातो, पांढरा लावला की परत दिसतो. खोडलं काहीच जात नाही. ग्रुपला मास्क लावण्याचा फायदा असा की नंतर चेहरा दोन पिक्सेल सरकवायचा झाला तर मास्क जागचा हलत नाही. शेजारच्या काकांच्या फेट्यालगत मेहनतीने आखलेली कड तशीच राहते.

ही कड कुठून न्यायची हा खरा कौशल्याचा भाग. गालाच्या सपाट, उजळ भागातून नेली तर तिथे त्वचेचा पोत आणि उजेड दोन्ही तंतोतंत जुळावे लागतात. हनुवटीखालच्या सावलीतून, मंगळसूत्राच्या वरून, केसांच्या गडद भागातून आणि पदराच्या काठावरून नेली तर नैसर्गिक रेघेआड ती लपते. कड मऊ करायची तर ब्रशने पुसत बसण्याऐवजी मास्कच्या प्रॉपर्टीज पॅनेलमधला Feather वापरावा. तिथे दीड पिक्सेल लिहिलं आणि छापलेल्या नमुन्यात कड धूसर वाटली, तर नंतर एक पिक्सेल करता येतो.

नवं डोकं ९४ टक्के झाल्यामुळे आणि कलल्यामुळे जुन्या डोक्याचा थोडा भाग, बहुधा कान किंवा अंबाडा, मागून डोकावतो. तो चौथ्या फ्रेमवर थेट क्लोन करून घालवायचा नाही. फ्रेमच्या वर आणि ‘आत्या’ ग्रुपच्या खाली एक रिकामा लेअर घ्यायचा, क्लोन स्टँपच्या पट्टीत नमुना Current & Below वर ठेवायचा आणि मागचा पडदा त्या रिकाम्या लेअरवर उतरवायचा. मूळ फ्रेम अस्पर्श राहते. उद्या आत्यांचं डोकं दुसऱ्या कोनात बसलं तर हा ठिगळाचा लेअर तेवढा बदलायचा.

आता रंग. नेटवरच्या अनेक धड्यांत Match Color ही आज्ञा वापरायला सांगतात. तिला अ‍ॅडजस्टमेंट लेअरचं रूप नाही. ती थेट पिक्सेल बदलते. त्यापेक्षा कर्व्ह्ज अ‍ॅडजस्टमेंट लेअर घेऊन हाताने जुळवणं जास्त खात्रीचं, आणि त्यासाठी नेमका संदर्भ समोरच असतो: चौथ्या फ्रेममधली आत्यांची स्वतःची मान. शेजारच्या माणसाच्या गालाशी रंग जुळवायला गेलं तर दोघांचा वर्ण मुळातच वेगळा असतो. आयड्रॉपरचा नमुना ५ बाय ५ पिक्सेलच्या सरासरीवर ठेवून दोन्ही मानांवर एकाच जागी मोजायचं. समजा, चौथ्या फ्रेममध्ये लाल १९८, हिरवा १५०, निळा १२२ आले आणि सहाव्या फ्रेममध्ये १८०, १३४, १०६. तिन्ही आकडे १६ ते १८ ने कमी आहेत, म्हणजे फरक मुख्यतः उजेडाचा आहे, रंगाचा नाही. एकटा निळाच कमी असता तर दोन फ्रेमच्या उजेडाच्या रंगातच फरक पडला होता असं समजावं लागलं असतं. मग कर्व्ह्जमध्ये लाल वाहिनीवर एक बिंदू ठेवून Input १८०, Output १९८ लिहायचं. हिरव्यात १३४ चे १५०, निळ्यात १०६ चे १२२.

हा कर्व्ह्ज लेअर फक्त आत्यांच्या डोक्यालाच लागू व्हायला हवा. त्यासाठी Alt दाबून त्या लेअरच्या आणि खालच्या स्मार्ट ऑब्जेक्टच्या मधल्या रेघेवर क्लिक करायचं. लेअर थोडा उजवीकडे सरकतो आणि त्याच्यापुढे खाली वळलेला छोटा बाण दिसतो. हा बाण नसेल तर कर्व्ह्ज खालच्या सगळ्या लेअरांवर उतरायला मोकळा राहतो. ग्रुपवर मास्क असल्यामुळे सगळा स्टेज उजळत नाही, पण मास्कच्या मऊ कडेलगत मागच्या पडद्यावर एक फिकट वलय उठतं. असं वलय दिसलं तर आधी हा बाण बघावा.

जुळलं की नाही हे डोळ्यांनी ठरवताना फसगत होते, कारण तासभर बघितलेला चेहरा आपल्याला ओळखीचा वाटायला लागतो. म्हणून जुने हात सगळ्यांत वर दोन तपासणीचे लेअर ठेवतात. एक ब्लॅक अँड व्हाइटचा: रंग गेल्यावर उजेडातली तफावत उघडी पडते. दुसरा कर्व्ह्जचा, ज्याची रेघ मुद्दाम दोन-तीनदा वरखाली केलेली असते. त्यातून फोटो भुतासारखा दिसतो, पण मानेवरचा जोड लपला असेल तर तिथे रंगाचा पट्टा अचानक तुटलेला दिसतो. तपासून झालं की दोन्ही लेअरांचा डोळा मिटायचा.

इथवरची प्रत्येक गोष्ट मागे घेता येते. शेवटची एक मात्र पूर्णपणे नाही. मानेवर जिथे जुनं आणि नवं मिळतं तिथे हीलिंग ब्रशने थोडी सफाई करावीच लागते. ती स्मार्ट ऑब्जेक्टवर करता येत नाही. तसा प्रयत्न केला की आधी लेअर रास्टराइज करावा लागेल आणि मग आतला मजकूर संपादित करता येणार नाही, अशी सूचना फोटोशॉप देतं. रात्री उशिरा कंटाळून तिथे ‘ओके’ दाबलं की साऱ्या मेहनतीवर पाणी पडतं. ‘कॅन्सल’ दाबायचं आणि ग्रुपच्या वर नवा रिकामा लेअर घेऊन त्यावर, पुन्हा Current & Below ठेवून, हीलिंग करायचं. पण या लेअरवर आलेले पिक्सेल त्या क्षणीच्या रंगाचे असतात. नंतर कर्व्ह्ज बदलला की मान बदलते आणि सफाईचा पट्टा तसाच राहून फिकट ओरखड्यासारखा दिसतो. म्हणून ही सफाई सगळ्यात शेवटी करायची आणि रंग बदलला की तो लेअर न कुरवाळता रिकामा करून पुन्हा करायचा. संपूर्ण फोटोची अंतिम रंगछटा देणारे लेअर या सफाईच्याही वर ठेवावेत, म्हणजे ते बदलल्याने तिला धक्का लागत नाही.

आता तो फोन आला असं समजू. चेहरा जास्त उजळ वाटतोय? आत्यांच्या कर्व्ह्ज लेअरची अपारदर्शकता १०० वरून ७० वर आणायची. १८० चा लाल आता १९८ न होता साधारण १९३ होतो. मानेची सफाई पुन्हा केली की झालं. सातव्या फ्रेममधलं हसू हवंय? स्मार्ट ऑब्जेक्टवर डबल-क्लिक केला की आतली फाईल वेगळ्या खिडकीत उघडते. सातव्या फ्रेममधलं डोकं तिच्यात वरचा लेअर म्हणून आणायचं, तेही आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून, आणि डोळ्यांच्या रेघेवर सहाव्या फ्रेमच्या डोक्याशी जुळवायचं. Ctrl+S दाबून खिडकी बंद केली की मुख्य फोटोत नवं हसू येतं. ९४ टक्के, तीन अंश, कर्व्ह्ज आणि मास्क सगळं तसंच लागू राहतं. गजऱ्यापाशी मास्क थोडा सुधारावा लागतो, एवढंच. घरच्यांचं मन पुन्हा फिरलं तर आत जाऊन वरच्या लेअरचा डोळा मिटायचा, सहावी फ्रेम हजर.

यात दोन ठिकाणी ठेच लागते. आतली फाईल Save As करून दुसरीकडे ठेवली तर मुख्य फोटोत काहीच बदलत नाही; साधं सेव्हच करायला हवं. आणि तुकडा अगदी कडेला चिकटून कापलेला असेल तर सातव्या फ्रेममधलं डोकं आतल्या कागदात मावत नाही. कागद वाढवला तर बाहेर चेहरा जागेवरून सरकतो. सुरुवातीला कडेने सोडलेली मोकळी जागा इथे कामी येते.

अल्बममध्ये तोच सुधारलेला चेहरा दुसऱ्या पानावरही वापरायचा असेल तर Ctrl+J ने केलेली प्रत आतून पहिल्याशी जोडलेलीच असते. एकीत हसू बदललं की दुसरीतही बदलतं. कधी ते हवंच असतं. नको असेल तर लेअरवर राइट-क्लिक करून New Smart Object via Copy निवडावं लागतं.

या सगळ्याची किंमत फाईलच्या आकारात मोजावी लागते, पण ती वाटते तेवढी नसते. २४ मेगापिक्सेलचा एक पूर्ण लेअर, ८ बिटमध्ये, दाबून लहान करण्याआधी ७२ एमबी होतो. आत्यांचं डोकं मोकळ्या जागेसकट १२०० बाय १५०० पिक्सेलचं धरलं तर जेमतेम साडेपाच एमबी. अ‍ॅडजस्टमेंट लेअरमध्ये पिक्सेल नसतातच, त्यांना मास्कपुरती जागा लागते. फाईल फुगते ती प्रत्येक चेहऱ्यासाठी पूर्ण फ्रेमच आत कोंबली की. पीएसडीची मर्यादा २ जीबी आहे. त्यापुढे पीएसबी प्रकारात सेव्ह करावं लागतं. फोटोशॉप विकत घेणं परवडत नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी पीएसडी आणि त्यातली स्मार्ट ऑब्जेक्टं उघडतं. मोफत मिळणाऱ्या गिंपच्या मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीतही फिल्टर नंतर बदलता येतात.

सुट्या लेअरांचा आणखी एक उपयोग असा की काय बदललं याची नोंद आपोआप राहते. कौटुंबिक अल्बमात, घरच्यांच्या सांगण्यावरून, त्याच माणसाचा काही सेकंदांनंतरचा चेहरा लावण्यात कुणाची फसवणूक नाही. बातमीच्या फोटोला हे चालत नाही. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत फोटोतला मजकूर वाढवायला किंवा काढायला मनाई आहे आणि अंतिम फेरीत कॅमेऱ्यातली मूळ फाईल मागून घेतली जाते. फाईल कितीही सुबक रचली तरी त्या नियमात बसत नाही.

लॅबला छपाईसाठी जेपीईजीच जातं आणि त्यात एकही लेअर नसतो. म्हणून जेपीईजी नेहमी Save a Copy ने काढावं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा छोटा फोटोही त्या प्रतीतूनच करावा. पीएसडीच लहान केली तर स्मार्ट फिल्टरमधली ब्लरची त्रिज्या पिक्सेलमध्ये तेवढीच राहते आणि चेहरा जास्त धूसर होतो. अल्बमची मांडणी बरेचदा दुसऱ्याच डिझायनरकडे जाते, तेव्हा स्मार्ट ऑब्जेक्ट फाईलमध्ये अंतर्भूत असलेलं बरं. बाहेरच्या फाईलला जोडलेलं असेल तर ती फाईल बरोबर न गेल्यास समोरच्याला लेअरवर लाल प्रश्नचिन्ह दिसतं आणि आत्यांचा चेहरा जो आहे तोच राहतो, बदलता येत नाही. आणि पैसे चुकते होऊन अल्बम घरी पोचेपर्यंत सहाव्या, सातव्या फ्रेमच्या मूळ फाईली कार्डावरून किंवा हार्ड डिस्कवरून पुसू नयेत. ‘आत्या’ ग्रुपमध्ये आहे ती फक्त त्यांच्या डोक्याएवढी माया; मामांचाही चेहरा बदलायचं निघालं तर तो याच फ्रेममध्ये शोधावा लागणार आहे.